साठ लिटरच्या टाकीत सीएनजी किती मावतो? रिड्यूस्ड दाब, रिड्यूस्ड तापमान आणि Z चा चार्ट

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीच्या डिकीत साधारण साठ लिटर पाण्याच्या क्षमतेची टाकी असते आणि पंपावर ती 200 बार दाबापर्यंत भरतात. त्यात किती किलो गॅस बसेल? बारावीपर्यंतचं रसायनशास्त्र शिकलेल्या कुणालाही PV = nRT आठवेल. सीएनजीत बहुतांश मिथेनच असतो, म्हणून सध्या तो शुद्ध मिथेन समजू. तापमान 27 अंश सेल्सिअस, म्हणजे 300 केल्व्हिन धरलं तर सूत्रातून उत्तर येतं 481 मोल, म्हणजे 7.7 किलो. प्रत्यक्षात त्याच दाबाला आणि त्याच तापमानाला तिथे 9.3 किलोच्या आसपास मिथेन असतो. फरक वीस टक्क्यांचा आहे. टाकी बनवणारा, गॅस विकणारा किंवा सुरक्षेचा हिशोब करणारा माणूस एवढ्या फरकाकडे डोळेझाक करू शकत नाही.

हा फरक येतो कुठून, हे आधी पाहू. PV = nRT लिहिताना आपण दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: रेणूंना स्वतःची जागा लागत नाही आणि ते एकमेकांना ओढत नाहीत. हवेच्या साध्या दाबाला रेणू एकमेकांपासून इतके लांब असतात की ही गृहीतकं खपून जातात. 200 बारला मात्र रेणू दाटीवाटीने असतात. त्यांच्यातलं आकर्षण त्यांना जवळ खेचतं, म्हणून वायू अपेक्षेपेक्षा कमी जागेत मावतो. दाब आणखी वाढवला की रेणूंचा स्वतःचा आकार आड येतो आणि मग वायू अपेक्षेपेक्षा जास्त जागा मागू लागतो. ही सगळी ओढाताण एका आकड्यात मांडता येते:

Z = PV / nRT

या Z ला कॉम्प्रेसिबिलिटी फॅक्टर म्हणतात. आदर्श वायूसाठी Z बरोबर 1 असतो. Z एकाहून कमी असेल तर आकर्षण वरचढ आहे आणि जास्त असेल तर रेणूंचा आकार वरचढ आहे. खऱ्या वायूचं आकारमान काढायचं तर आदर्श वायूचं आकारमान काढून त्याला Z ने गुणायचं, एवढंच. पण Z मिळवायचा कसा? तो वायूप्रमाणे बदलतो, दाबाप्रमाणे बदलतो आणि तापमानाप्रमाणेही बदलतो. प्रत्येक वायूसाठी प्रयोगशाळेत मोजमापं करून वेगळी जाडजूड कोष्टकं करायची म्हटली तर हे काम संपणारच नाही.

इथे मदतीला येतो क्रांतिक बिंदू. प्रत्येक वायूचं एक क्रांतिक तापमान असतं. त्याच्या वर तुम्ही कितीही दाब दिलात तरी वायूचा द्रव होत नाही, तो नुसताच दाट होत जातो. त्या तापमानाला द्रव होण्यासाठी लागणारा दाब म्हणजे क्रांतिक दाब. आयर्लंडमधल्या थॉमस अँड्र्यूज यांनी 1869 मध्ये कार्बन डायऑक्साइडवर प्रयोग करून हे स्पष्ट दाखवलं. त्या वायूचं क्रांतिक तापमान 304 केल्व्हिन म्हणजे 31 अंश सेल्सिअस आहे आणि क्रांतिक दाब सुमारे 74 बार. मिथेनसाठी हेच आकडे 190.6 केल्व्हिन आणि 46 बार आहेत, तर नायट्रोजनसाठी 126.2 केल्व्हिन आणि 34 बार.

क्रांतिक तापमान म्हणजे नुसती द्रव होण्याची हद्द नव्हे. रेणू एकमेकांना किती जोराने ओढतात, याचं ते माप आहे. ओढ जास्त तर ती मोडायला लागणारी उष्णतेची हालचाल जास्त, म्हणजे क्रांतिक तापमानही जास्त. रेणूंच्या आकाराची खूण क्रांतिक आकारमानात दिसते आणि ओढ व आकार या दोहोंवर मिळून क्रांतिक दाब ठरतो. म्हणजे एखाद्या वायूचा स्वभाव या क्रांतिक आकड्यांत बराचसा उतरलेला असतो. मग दाब बारमध्ये आणि तापमान केल्व्हिनमध्ये मोजण्याऐवजी ते त्या वायूच्या स्वतःच्या मापाने मोजले तर?

Tr = T / Tc
Pr = P / Pc

हेच रिड्यूस्ड तापमान आणि रिड्यूस्ड दाब. एका शाळेत पेपर 50 गुणांचा आणि दुसऱ्या शाळेत 80 गुणांचा असेल तर मुलांची तुलना आपण टक्क्यांनी करतो, तसाच हा प्रकार. या दोन्ही राशींना एकक नाही. आपल्या टाकीतल्या मिथेनसाठी Tr = 300 / 190.6 = 1.57 आणि Pr = 200 / 46 = 4.35. शब्दांत सांगायचं तर हा मिथेन त्याच्या क्रांतिक तापमानाच्या दीडपटीहून थोडा गरम आहे आणि क्रांतिक दाबाच्या सव्वाचार पटीहून थोड्या जास्त दाबाखाली आहे.

आता नायट्रोजन घ्या. त्याला याच Tr आणि Pr वर आणायचं तर तापमान सुमारे 199 केल्व्हिन, म्हणजे शून्याखाली 74 अंश सेल्सिअस लागेल आणि दाब सुमारे 148 बार. एकीकडे डिकीतली कोमट टाकी, दुसरीकडे गोठवणाऱ्या थंडीतला नायट्रोजन. दाब वेगळा, तापमान वेगळं, रेणू वेगळा. तरी दोघांचा Z जवळपास सारखाच येतो. अनुरूप अवस्थांचा नियम तो हाच: दोन वायूंचे Tr आणि Pr सारखे असतील तर त्यांचा Z सुद्धा जवळपास सारखा असतो.

हा नियम नेदरलँड्सच्या योहानेस डिडेरिक व्हॅन डर वाल्स यांनी 1880 मध्ये मांडला. त्याआधी 1873 मध्ये, लायडन विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात, त्यांनी PV = nRT मध्ये दोन दुरुस्त्या केल्या होत्या: आकर्षणासाठी a आणि रेणूंच्या आकारासाठी b. प्रत्येक वायूचे a आणि b वेगळे. पण या समीकरणात दाब, तापमान आणि आकारमान यांच्या जागी त्यांची रिड्यूस्ड रूपं घातली की a आणि b दोन्ही गळून पडतात आणि उरतं ते असं:

(Pr + 3/Vr²)(3Vr − 1) = 8Tr

यात कुठल्याही वायूचं नाव नाही. जो मिथेनला लागू, तोच नायट्रोजनला आणि तोच ऑक्सिजनला.

या ठिकाणी पुष्कळ पाठ्यपुस्तकं एक महत्त्वाची गोष्ट भरभर ओलांडून जातात. व्हॅन डर वाल्स यांचं समीकरण आकड्यांच्या बाबतीत फारसं अचूक नाही. त्याच्यानुसार क्रांतिक बिंदूवर प्रत्येक वायूचा Z 0.375 यायला हवा. मोजला तर तो आर्गॉनसाठी 0.29, नायट्रोजनसाठी 0.29, मिथेनसाठी 0.286 येतो. म्हणजे समीकरण चांगलंच चुकलं. पण तिन्ही वायू एकमेकांशी किती जुळतात ते पाहा! सारख्या रिड्यूस्ड अवस्थेत वायू सारखे वागतात, हे म्हणणं खरं ठरलं. ते नेमके कसे वागतात याचं सूत्र तेवढं चुकलं. मग इंजिनिअरांनी सूत्राचा नाद सोडला आणि नियम ठेवला. वायूंवर प्रत्यक्ष मोजमापं करायची, ती Tr आणि Pr मध्ये बदलून एकाच कागदावर मांडायची आणि त्यातून जाणाऱ्या सामाईक रेषा काढायच्या. कॉम्प्रेसिबिलिटी चार्ट तयार झाला तो असा. आज थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकांत मागच्या बाजूला जो चार्ट हमखास असतो, तो नेल्सन आणि ओबर्ट यांनी 1954 मध्ये 30 वायूंच्या मोजमापांवरून केलेला आहे.

चार्ट वाचायला अवघड नाही. आडव्या अक्षावर Pr, उभ्या अक्षावर Z आणि मध्ये एकेका Tr साठी एकेक वक्ररेषा. सगळ्या रेषा डावीकडे Z = 1 पासूनच निघतात, कारण दाब अगदी कमी असताना कुठलाही वायू आदर्शच वागतो. तिथून बहुतेक रेषा आधी खाली उतरतात, एका तळाला पोचतात आणि मग वर चढू लागतात. उतार म्हणजे आकर्षणाचा अंमल, चढ म्हणजे रेणूंच्या आकाराचा. Tr जितका कमी तितका खड्डा खोल. Tr साधारण अडीचच्या वर गेला की खड्डा राहतच नाही, रेषा सुरुवातीपासून वरच जाते.

आता आपलं गणित चार्टवर सोडवू. प्रश्न आकारमानाचा घेऊ: 10 किलो मिथेनला 200 बार आणि 300 केल्व्हिनला किती जागा लागेल? मिथेनचा एक मोल 16.04 ग्रॅमचा, म्हणजे 10 किलोत 623 मोल. आदर्श वायूच्या सूत्राने आकारमान 623 × 8.314 × 300 भागिले 2 कोटी पास्कल, म्हणजे 0.0777 घनमीटर किंवा 77.7 लिटर. आता आडव्या अक्षावर 4.35 शोधायचं आणि तिथून सरळ वर जायचं. 1.57 ची रेषा छापलेली नसते, पण 1.5 ची आणि 1.6 ची असते. 1.5 च्या रेषेवर Z साधारण 0.80 आणि 1.6 च्या रेषेवर 0.845 दिसतो. आपला बिंदू या दोन रेषांच्या मध्ये, 1.6 च्या अंगाला आहे. म्हणून Z सुमारे 0.83 घ्यायचा. 77.7 ला 0.83 ने गुणलं की 64.5 लिटर. मिथेनवरच्या प्रत्यक्ष मोजमापांतूनही उत्तर एवढंच येतं. एक चार्ट, दोन भागाकार आणि डोळ्यांनी केलेला एक अंदाज, इतक्या भांडवलावर मिळालेलं हे उत्तर मला आजही फार समाधान देतं.

साठ लिटरच्या टाकीत 9.3 किलो बसतात हे उत्तरही याच 0.83 मधून आलं आहे. मग पंपावर एवढा गॅस का भरला जात नाही, असा प्रश्न सीएनजीवाल्यांना नेहमी पडतो. त्याचं एक मोठं कारण चार्टवरच दिसतं. भराभर भरताना टाकीतला गॅस दाबला जातो आणि तापतो. समजा तो 330 केल्व्हिनला, म्हणजे 57 अंश सेल्सिअसला पोचला. आता Tr झाला 1.73, दाब तोच, आणि चार्टवर Z वर सरकून सुमारे 0.89 होतो. तापमान वाढल्याने गॅस फुगला आणि Z वाढल्याने आणखी फुगला. दोन्ही मिळून साठ लिटरमध्ये जेमतेम 7.9 किलो बसतात. काटा 200 बारच दाखवतो. नंतर टाकी थंड झाली की दाब उतरतो आणि भरलेला गॅस कमी होता, हे तेव्हा काट्यावर दिसतं.

किती उतरतो, तेही चार्टवरून काढता येतं, पण इथे थोडी वेगळी वाट धरावी लागते. आता आकारमान माहीत आहे, दाब नाही. दाब नाही म्हणजे Pr नाही आणि Pr नाही म्हणजे चार्टवर उभं कुठे राहायचं तेच ठरत नाही. नवखे विद्यार्थी इथे हमखास अडतात आणि दाब अंदाजाने धरून पुन्हा पुन्हा गणित करत बसतात. तसंही उत्तर मिळतं, पण त्याहून सोपी युक्ती आहे. एका मोलच्या आकारमानाला R·Tc/Pc ने भागायचं. याला आभासी रिड्यूस्ड आकारमान म्हणता येईल आणि ते दाब माहीत नसतानाही काढता येतं. खरं क्रांतिक आकारमान न वापरता ही राशी वापरण्याचं कारण म्हणजे क्रांतिक आकारमान अचूक मोजणं फार कठीण असतं, तर Tc आणि Pc चांगले मोजलेले असतात.

टाकीत 8 किलो मिथेन आहे आणि तो थंड होऊन 300 केल्व्हिनला आला, असं धरू. 8 किलो म्हणजे 499 मोल, म्हणून एका मोलला 0.1203 लिटर जागा. R·Tc/Pc मिथेनसाठी येतो 0.3445 लिटर. भागाकार 0.349. आता Z च्या व्याख्येतून मिळतं:

Z = Pr × 0.349 / 1.57 = 0.222 × Pr

ही चार्टच्या शून्यातून निघणारी सरळ रेषा आहे. पेन्सिलीने ती ओढायची आणि Tr = 1.57 च्या वक्राला ती कुठे छेदते ते पाहायचं. छेद मिळतो Pr सुमारे 3.7 वर, Z सुमारे 0.82 असताना. 3.7 ला 46 ने गुणलं की 170 बार. आदर्श वायूच्या सूत्राने इथे 207 बार आले असते. ज्या चार्टवर या आकारमानाच्या तिरक्या रेषा आधीच छापलेल्या असतात, तिथे पेन्सिलही लागत नाही.

गणितात चुका होतात त्या बहुतेक ठरावीक जागी. तापमान सेल्सिअसमध्ये ठेवून भागाकार करणं ही पहिली. मिथेनचं क्रांतिक तापमान सेल्सिअसमध्ये उणे 82.6 आहे, त्यामुळे Tr ऋण आला तर समजून जावं. काट्यावरचा दाब तसाच वापरणं ही दुसरी. काटा हवेच्या दाबाच्या वरचा दाब दाखवतो, त्यात सुमारे 1 बार मिळवावा लागतो. 200 बारला त्याने काही बिघडत नाही, 3 बारला मात्र उत्तर पार बदलतं. आणि सीएनजी म्हणजे शुद्ध मिथेन नव्हे, ही तिसरी. मिश्रण असेल तर प्रत्येक घटकाचे Tc आणि Pc त्याच्या मोल-प्रमाणाने गुणून बेरीज करायची आणि ती बेरीज मिश्रणाचा Tc आणि Pc म्हणून वापरायची. याला के यांचा नियम म्हणतात. नव्वद टक्के मिथेन आणि दहा टक्के इथेन असेल तर Tc 202 केल्व्हिन येतो, Tr 1.48 वर उतरतो आणि Z 0.79 च्या आसपास जातो. थोड्याशा इथेननेही उत्तर हलतं.

चार्टवर किती भरवसा ठेवायचा? क्रांतिक बिंदूपासून दूर असाल आणि रेणू साधा, गोलसर असेल तर चूक सहसा दोन-चार टक्क्यांच्या आत राहते. क्रांतिक बिंदूजवळ मात्र रेषा जवळजवळ उभ्याच होतात. Pr = 1 असताना Tr 1.00 वरून 1.05 वर गेला की Z 0.29 वरून 0.60 वर पोचतो, म्हणजे दुपटीहून जास्त. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत हा फरक 31 आणि 46 अंश सेल्सिअसमधला आहे, म्हणजे नागपुरात पावसाळ्यातल्या आणि मे महिन्यातल्या दुपारीत असतो तेवढा. अशा जागी चार्टवरून वाचलेल्या Z वर सिलिंडरचा हिशोब करू नये. त्या वायूची स्वतःची मोजलेली कोष्टकं वापरावीत.

दुसरी मर्यादा रेणूच्या घडणीची. पाण्याच्या रेणूंतलं आकर्षण सगळ्या बाजूंनी सारखं नसतं, ते दिशेप्रमाणे बदलतं, म्हणून क्रांतिक बिंदूवर पाण्याचा Z 0.23 येतो, आर्गॉनच्या 0.29 शी तो जुळत नाही. यासाठी केनेथ पिट्झर यांनी 1955 मध्ये Tr आणि Pr च्या जोडीला तिसरा आकडा आणला, अेसेंट्रिक फॅक्टर. रेणू साध्या गोलापासून किती दूर आहे, हे तो सांगतो. आर्गॉनसाठी तो शून्य, मिथेनसाठी 0.01, कार्बन डायऑक्साइडसाठी 0.22 आणि पाण्यासाठी 0.34. मिथेनचं आपलं गणित इतकं चपखल जुळलं, ते त्याचा आकडा शून्याला चिकटून असल्यामुळे. म्हणून चार्ट उघडण्याआधी हा आकडा पाहून घ्यावा. तो 0.1 च्या आत असेल तर साधा चार्ट पुरतो. त्याहून बराच मोठा असेल तर तिसऱ्या आकड्याची दुरुस्ती करावी.

उरले हायड्रोजन आणि हेलियम. हे दोन्ही इतके हलके की कमी तापमानाला त्यांच्यावर क्वांटम परिणाम दिसतात आणि त्यांचे खरे Tc, Pc वापरले तर ते इतरांच्या रांगेत बसत नाहीत. त्यांच्यासाठी एक कामचलाऊ उपाय ठरलेला आहे: Tc मध्ये 8 केल्व्हिन आणि Pc मध्ये 8 अ‍ॅटमॉस्फिअर मिळवायचे आणि मग भागाकार करायचा. हायड्रोजनच्या गाडीची 350 बारची टाकी 300 केल्व्हिनला घेतली तर Tr सातच्या पुढे जातो आणि Z सुमारे 1.2 येतो. म्हणजे सीएनजीच्या टाकीत सूत्राच्या हिशोबापेक्षा वीस टक्के जास्त गॅस मावला, तर हायड्रोजनच्या टाकीत साधारण सतरा टक्के कमी मावतो.